मदत हवी आहे : नफा वाढला, पण पैसा कुठे आहे?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांचे कृषी केंद्र आहे. एका बियाणे कंपनीचे शेअर घ्यावेत, असे त्यांच्या मनात असल्याने मी तिचा वार्षिक अहवाल प्रथमच वाचला. विक्री २०० कोटींवरून २४० कोटींवर गेली आहे, परंतु ग्राहकांकडील येणे ४० कोटींवरून ९५ कोटींवर पोहोचले आहे; म्हणजे वसुलीचा काळ ७३ दिवसांवरून सुमारे १४४ दिवस झाला. नफा २२ कोटी दाखवला असला, तरी रोख प्रवाह पत्रकात व्यवसायातून आलेली रोकड उणे ९ कोटी आहे.

खरिपाचे बियाणे जून-जुलैत विकले जाते आणि कापूस-सोयाबीन निघाल्यावर आमचीही बहुतेक उधारी मार्चपूर्वी वसूल होते. मग ३१ मार्चला एवढे येणे का? वर्षअखेरीस विक्रेत्यांच्या गोदामात माल ढकलून विक्री दाखवली असेल, अशी मला शंका येते (वडिलांना हे पटत नाही). येण्याच्या वयोमानाच्या तक्त्यात सहा महिन्यांवरील रक्कमही वाढलेली आहे.

परत येणाऱ्या मालाची आणि बुडीत येण्याची तरतूद पुरेशी आहे का, हे कोणत्या टिपांवरून ताडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.