डेस्मोसोम तुटला की काय होतं

>> टाइट जंक्शनच पेशींना घट्ट धरून ठेवतात ना? मग डेस्मोसोम कशाला?

नाही. टाइट जंक्शनचं मुख्य काम फट बुजवण्याचं. आतड्यातला ऐवज दोन पेशींच्या मधून झिरपू नये म्हणून ती वरच्या टोकाशी असतात. ताण सोसतो तो डेस्मोसोम, म्हणजे शेजारच्या दोन पेशींना जोडणारा टाका, कारण तो आत केराटिनच्या तंतूंना बांधलेला असतो. पेम्फिगस व्हल्गॅरिस या त्वचेच्या आजारात हे उघड दिसतं. शरीराचीच प्रतिपिंडं डेस्मोसोममधल्या डेस्मोग्लीन-३ या प्रथिनावर हल्ला करतात आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. बहुधा आधी तोंडात फोड येतात. त्वचा नुसती चोळली तरी वरचा थर सरकतो. गंमत म्हणजे तळाची रांग जागची हलत नाही, कारण तिला खाली धरणारे हेमिडेस्मोसोम वेगळ्या प्रथिनांचे असतात.

गॅप जंक्शन या भानगडीत नाहीत. त्या कनेक्सिन या प्रथिनाच्या नळ्या, आयन आणि छोटे रेणू शेजारणीकडे पोचवणाऱ्या.