‘ब्लॉक शिअर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘ठोकळा कर्तन’ नको वाटतंय

नोट्सवाली: फॅब्रिकेशन शिकणाऱ्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहितेय. शिअरला कर्तन, टेन्शन मेंबरला ताण घेणारा मेंबर, लॅप जॉइंटला एकावर एक चढवलेला जोड, इथपर्यंत गाडी नीट आली आणि ब्लॉक शिअरला अडली. एकाने ‘ठोकळा कर्तन’ सुचवलं, ते वाचून पोरं करवत शोधायला जातील.

शेडवाला: शिअर म्हणजे बोल्ट कापला जाणं ना? बोल्टछेद म्हणा, विषय संपला.

गसेटकाका: नाही हो, यात बोल्ट शाबूत राहतात, तीच तर गंमत आहे. ट्रसचा अँगल घ्या, त्याचा एक पाय गसेटवर, म्हणजे सांध्याच्या पत्र्यावर, चढवलाय आणि ओढीच्या दिशेने एका ओळीत ३ बोल्ट मारलेत. ओढ वाढली की अँगलच्या टोकाचा एक तुकडा बोल्टांना चिकटून जागेवरच राहतो आणि बाकीचा अँगल त्याला सोडून निघून जातो. टोकापासून सर्वात आतल्या बोल्टपर्यंतच्या रेषेवर पत्रा घसरून सुटतो, आणि त्या आतल्या बोल्टपासून कडेपर्यंत आडवा टरकन फाटतो. म्हणजे अर्धं कर्तन, अर्धं फाटणं, नुसतं ‘कर्तन’ म्हटलं तर अर्धी गोष्ट गाळली.

वाळूचा_ट्रक: आमच्या बिल्डिंगच्या शिअर वॉलला तिरपी भेग गेलीय, ब्लॉकची भिंत लागून आहे, तो हाच प्रकार का?

गसेटकाका: तो वेगळा विषय आहे, भेग कुणा इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा.

डिप्लोमा_०९: मी दोन्ही रेषांची तुटायची ताकद काढून बेरीज करतो, बरोबर ना?

गसेटकाका: बेरीज बरोबर, पण दोन्ही रेषा एकदम तुटतात हे धरणं चूक. आयएस ८००:२००७ हा स्टीलच्या बांधकामाचा कोड दोन बेरजा करायला लावतो. एकदा घसरणारी रेषा भोकं न वजा करता यील्ड झाली, म्हणजे न तुटता कायमची ताणली गेली, आणि आडवी रेषा भोक वजा करून तुटली असं धरायचं, दुसऱ्यांदा नेमकं उलट, आणि जी बेरीज कमी येईल ती आपली ताकद. १९८४च्या कोडात हा चेकच नव्हता, त्यामुळे माझ्या पिढीच्या तोंडी त्याला शब्दही नाही.

माझीच फजिती सांगतो. ७५×७५×८चा अँगल, साधं २५० ग्रेडचं स्टील, एम२०चे ३ बोल्ट, भोक २२, पिच म्हणजे दोन बोल्टांमधलं अंतर ५०, टोकाचं अंतर ४०, बोल्टची ओळ कडेपासून ३५वर. ओढ १९० किलोन्यूटन. आधी ४.६ ग्रेडचे बोल्ट होते, ते तिन्ही मिळून १३६च घेत होते, म्हणून मी ऐटीत ८.८ केले. बोल्ट कापायला आता २७२ लागणार, बेअरिंगमध्ये, म्हणजे भोकाची कड चेपायला, २००, अख्ख्या अँगलचं यील्ड २५९, भोकातून तुटणं २३६, सगळं पास. चेकरने लाल पेनाने एवढंच लिहिलं, ‘ब्लॉक शिअर?’ पहिली बेरीज २०४ आली, दुसरी १८०सुद्धा नाही. म्हणजे बोल्ट दणकट केले आणि दुबळेपणा त्यांच्यातून निघून पत्र्यात गेला. अँगल न बदलता पिच ५०चा ६० केला, घसरणारी रेषा २० मिमी लांबली आणि ताकद २०७वर गेली.

शेडवाला: अच्छा म्हणजे बोल्ट फार जवळजवळ मारले की हे होतं. आमच्याकडे गसेट लहान पडला की सगळे बोल्ट टोकाला कोंबतात.

गसेटकाका: तेच. आणि गसेटचाही असाच तुकडा निघू शकतो, तोही वेगळा तपासायचा, तो बहुतेक जण विसरतात.

कोकणकडा: शब्द सांगतो, ‘लचका’. कुत्र्याने भाकरीचा लचका तोडावा तसा बोल्टांनी पत्र्याचा लचका तोडला. ब्लॉक शिअर फेल्युअर म्हणजे लचका तुटणे.

नोट्सवाली: वा, हे पोरांच्या डोक्यात बसेल! पण चेकला काय म्हणू, ‘लचका तपासणी’? परीक्षेत लिहिलं तर पेपर तपासणारा हसेल.

डिप्लोमा_०९: शिवाय लचका वेडावाकडा निघतो, इथे चौकोनी तुकडा निघतो. ‘कोपरा उपटणे’ जास्त नेमकं नाही का?

कोकणकडा: उपटायचं ते मुळासकट, पत्र्याला मूळ कुठलं? आणि बोल्टच्या दोन ओळी असल्या की मधलाच तुकडा निघतो, तेव्हा कोपरा कुठे राहिला?

गसेटकाका: ओळींचं बरोबर बोललात, तेव्हा घसरणाऱ्या रेषा दोन होतात आणि फाटणारी त्यांच्या मध्ये येते. मी साइटवर ब्लॉक शिअरच म्हणतो, पण नव्या पोराला समजवताना लचका वापरून बघेन.

शेडवाला: वेल्ड केलं तर लचक्याची भानगडच नाही ना, भोकंच नाहीत?

गसेटकाका: आहे की. भोकं वजा होत नाहीत एवढंच, पण वेल्डच्या कडेकडेने गसेटचा तुकडा तसाच सुटतो, कोडात त्यालाही चेक आहे.