पनीर निळं नाही झालं, मग खरं का?

स्मिता (बी-३०२): काल पिंकीच्या बर्थडेला दीड किलो पनीर आणलं, स्टेशनजवळच्या दुकानातून, २४० रुपये किलो. चिली पनीर केलं तर तुकडे रबरासारखे, पोरं चावतच बसली 😣 थोडं उरलं होतं त्यावर बीटाडीन टाकून बघितलं तर निळं नाही झालं. म्हणजे चांगलंच होतं ना? माझंच काही चुकलं का करताना?

माधुरी वहिनी (ए-१०१): अगं तूरडाळीचं पीठ टाकून बघायचं, लाल झालं की नकली. माझ्या बहिणीने फॉरवर्ड केलंय थांब पाठवते

देशपांडे काका (सी-५०४): वहिनी नका पाठवू 😄 तूरडाळीची टेस्ट दुधातल्या युरियासाठी असते, त्यात डाळीचं पीठ घालून पाच मिनिटांनी लाल लिटमस पेपर बुडवायचा, तो निळा झाला तर युरिया. पनीरचा त्यात काही संबंध नाही, कोणीतरी अर्धवट ऐकून पुढे ढकललंय.

देशपांडे काका (सी-५०४): स्मिता, आयोडीन फक्त स्टार्च पकडतं. मी बावीस वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये काढली म्हणून सांगतो, आता स्वस्त पनीरवाले सगळेच स्टार्च घालत नाहीत, स्किम मिल्क पावडर घेतात आणि काढलेल्या मलईच्या जागी पाम तेल घालतात. अशा पनीरवर बाटलीभर आयोडीन ओतलं तरी निळं होणार नाही.

स्मिता (बी-३०२): अय्यो

देशपांडे काका (सी-५०४): आणि टेस्ट कशी केलीस? तुकडा पाण्यात उकळून पूर्ण गार करून मग दोन थेंब टाकायचे, गरम असताना टाकलं तर स्टार्च असूनही रंग दिसत नाही. आणि ब्रेड कापलेल्या सुरीने पनीर कापलं असेल किंवा कॉर्नफ्लॉवर लावलेला तुकडा घेतला असेल तर चांगलं पनीरही निळं होईल, मग उगाच दुकानदाराशी भांडण.

स्मिता (बी-३०२): गार केलं होतं काका, साधा तुकडा होता

रोहन (ए-६०३): मग काका दुकानात ओळखायचं कसं, लिटमस घेऊन उभं राहायचं का 😂

देशपांडे काका (सी-५०४): आधी हिशोब कर. म्हशीच्या दुधाचं किलोभर पनीर काढायला साधारण पाच लिटर दूध लागतं, गाईचं असेल तर अजून जास्त. दूध घाऊकमध्ये ५५ रुपयांना धरलं तरी २७५ नुसत्या दुधाचे, त्यात गॅस मजुरी बर्फ आणि दुकानदाराचं वेगळं. मग २४० ला तो देतो कसा? एक तर मलई काढून घेतलीय नाहीतर दूधच नाहीये.

देशपांडे काका (सी-५०४): दुसरं, लादी थंडगार असते तेव्हा वास येत नाही. नखाएवढा तुकडा मागायचा, दोन बोटांत चांगला कोमट होईपर्यंत चोळायचा आणि मग हुंगायचा. चांगलं पनीर दाणेदार चुरतं, बोटांना साईसारखा वास राहतो. तेलाचं असेल तर बऱ्याचदा चुरतच नाही, ताणतं, वास काहीच नाही आणि खाल्ल्यावर टाळूला वनस्पती तुपासारखा थर बसतो. पण नुसत्या रबरावरून ठरवू नका हं, मलई काढलेल्या दुधाचं पनीरही चिवट लागतं आणि ते नकली नाही, फक्त फुल क्रीमच्या भावात घेऊ नये.

माधुरी वहिनी (ए-१०१): मग पाकिटातलंच घेतलेलं बरं, ते पण फ्रीजमधून काढलं की दगड असतं पण

देशपांडे काका (सी-५०४): ते दाबून व्हॅक्यूममध्ये पॅक केलेलं असतं म्हणून. कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं टाका, मऊ पडतं. पाकिटाचा फायदा एवढाच की मागे लिहिलेलं असतं. दूध किंवा मिल्क सॉलिड्स आणि सायट्रिक ॲसिड, फार तर एखादं प्रिझर्व्हेटिव्ह, बास. पाम तेल, व्हेजिटेबल फॅट, स्टार्च असं काही दिसलं किंवा बारीक अक्षरात 'ॲनालॉग' लिहिलं असलं की परत ठेवा. फॅटच्या आकड्यावर जाऊ नका, तेलाचं फॅटही तिथे फॅटच लिहिलेलं असतं. कार्बोहायड्रेट बघा, शंभर ग्रॅमला तीन-चारच्या आसपास ठीक, दहाच्या वर गेलं की काहीतरी भरलंय. आणि पाकीट फुगलेलं असेल तर फुकट दिलं तरी नको.

रोहन (ए-६०३): म्हणजे लूज बंदच करायचं?

देशपांडे काका (सी-५०४): नाही रे, मी स्वतः लूजच आणतो. ज्या डेअरीत समोर दूध नासवतात तिथलं त्याच दिवशीचं लूज पनीर पाकिटापेक्षा मऊ असतं. फक्त कधी काढलं ते विचारायचं, आणि बोटाला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर सोडून द्यायचं. दुसऱ्या डेअरीतून आणून विकणाऱ्याकडे विचारून उपयोग नाही, त्यालाच माहीत नसतं.

स्मिता (बी-३०२): काका पक्कं कळायला काय? त्या दुकानदाराला दाखवायचंय मला 😡

देशपांडे काका (सी-५०४): पक्कं लॅबमध्येच, तिथे फॅट दुधाचं का तेलाचं ते निघतं. कायद्याने ग्राहकही फी भरून सॅम्पल तपासून घेऊ शकतो. पण तू ते शिजवलंस, पावती नाही, आता काय दाखवणार? पुढच्या वेळी पावती घे आणि शंका आली तर थोडं न शिजवता बाजूला ठेव.

स्मिता (बी-३०२): रविवारी सत्यनारायणाला पाहुणे आहेत, पाव किलोच लागेल. तुम्ही कुठून आणता?

देशपांडे काका (सी-५०४): मागच्या गल्लीतली डेअरी, साडेसातला पहिली लादी निघते. ३८० भाव आहे, आधीच सांगतो

स्मिता (बी-३०२): चालेल, मी डबा घेऊन सव्वासातला खाली येते

माधुरी वहिनी (ए-१०१): माझं अर्धा किलो सांगा 🙏