कमिशन कापलेलं दिसतं कुठे?

> म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये माझ्या खात्यातून एक रुपयाही कमिशन कापलेलं दिसत नाही, मग डायरेक्टने फायदा काय?

खात्यातून कापलेलं दिसणारच नाही. वितरकाचं कमिशन रेग्युलरच्या खर्चातच धरलेलं असतं, थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्टमध्ये ते नसतं. हा खर्च रोज थोडाथोडा योजनेच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावरची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, आपल्याला दिसते. दोन्हींच्या खर्चात दहा लाखांवर १ टक्क्याचा फरक म्हणजे रोजचे साधारण २७ रुपये. बाजार त्याहून कितीतरी जास्त हलतो, म्हणून कळत नाही. पण तेच दहा लाख २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९६.५ लाख होतात, ११ टक्क्यांनी ८०.६ लाख.

वितरकाला गेलेला आकडा मात्र बघता येतो. ऑक्टोबर २०१६ पासून एकत्रित खाते विवरणाच्या (CAS) सहामाही प्रतीत तो योजनेनिहाय रुपयांत छापतात. बाबांच्या विवरणात आठ लाखांच्या इक्विटी फंडापुढे सहा महिन्यांचे जवळपास चार हजार होते. बाबांना तोवर वाटायचं की सल्ला फुकट मिळतोय.

ते बघून लगेच सगळं स्विच करू नका, कारण करासाठी स्विच म्हणजे विक्रीच, आणि मुदतीआधी केलं तर एक्झिट लोडही लागतो. आम्ही आधी नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू केली. जुनी युनिट्स वर्ष उलटल्यावर, इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्याची सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा सांभाळत, दोन आर्थिक वर्षांत हलवली.