मदत हवी आहे: फोटोतून जाळीची तार कशी काढू?

भाचीचा कबड्डी खेळतानाचा फोटो मैदानाच्या तारेच्या जाळीतून काढलाय. जिम्पमध्ये लेयर मास्क लावून तिला वेगळं केलं, पण कडेला तारांचे करडे तुकडे चिकटून राहिले. खांद्याजवळचे मास्कवर काळा ब्रश फिरवून गेले. जर्सीवरची तार शेजारचंच कापड क्लोन करून झाकली, तीही छान जमली. घोडं अडलंय कानापाशी. तिथे तार गालावरून थेट केसांत शिरते. हील टूल फिरवलं की केसांचा काळा रंग गालावर पसरतो, मास्कने पुसलं तर बटाच कापल्या जातात. आधी मूळ फोटोतली तार काढून मग कापायला हवं होतं का? की आता गाल आणि केस वेगवेगळे सिलेक्ट करून क्लोन करू? ब्रशची कड किती मऊ ठेवायची, तेही सांगा. रविवारी तिचा वाढदिवस आहे, फ्रेम करून द्यायचाय.