ले-ऑफची पोस्ट: कारण एका ओळीत, बाकी मागणी

> ले-ऑफ झालाय. लिंक्डइनवर खरं लिहू का? रडगाणं वाटायला नको.

खरंच लिहा, पण आधी सेपरेशनचे कागद नीट वाचा. कंपनीबद्दल जाहीर बोलू नये अशी अट त्यात असू शकते, आणि फुल अँड फायनलचे पैसे अजून यायचे असतात. कारणाला एक वाक्य पुरे: 'आमचा प्रोजेक्ट बंद झाला, त्यात माझी जागा गेली.' मॅनेजरने कुणाला वाचवलं वगैरे टपरीवर बोला.

बाकी जागा मागणीला. 'काही असेल तर कळवा' म्हटलं की लोक 'ऑल द बेस्ट' टाकून पुढे जातात. ओळखीतल्या एका टेस्टरने असं लिहिलं होतं: 'ऑटोमेशन टेस्टिंग, 7 वर्षं, सेलेनियम आणि जावा, बँकिंगचं काम. खराडी किंवा हिंजवडी चालेल. लगेच रुजू होऊ शकते. तुमच्याकडे पेमेंट्सची टीम असेल तर लीडशी ओळख करून द्याल?' यातलं 'लगेच' फार कामाचं. इथे 90 दिवसांच्या नोटीस पिरियडला रिक्रूटर वैतागलेले असतात. तुमची अडचण त्यांची सोय आहे.

हे सगळं पहिल्या दोन-तीन ओळींत हवं, कारण फीडमध्ये तेवढंच दिसतं. तिथे 'जड अंतःकरणाने' आलं तर कामाचं खालीच दबून राहतं.

जुन्या सहकाऱ्याने कमेंट केली की नुसतं 'रेफर कर' म्हणू नका. त्याच्या कंपनीच्या करिअर पेजवरून जॉब आयडी शोधा आणि सीव्हीसोबत मेसेजमध्ये पाठवा. त्याला फक्त पोर्टलवर भरायचं उरतं.