आष्टीचा पिन ४१४ने का सुरू होतो?

प्रेषक: वैशाली

सगळ्यांना नमस्कार. माझी मामी बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. तिला चष्मा आणि गुडघ्याचे पट्टे पाठवायचे आहेत. तिच्या पत्त्यावर पिन ४१४२०३ आहे. तो कुरिअरच्या फॉर्मवर टाकला की जिल्ह्याच्या रकान्यात आपोआप ‘नगर’ येतं आणि तो रकाना बदलताच येत नाही. पिन चुकलाय की फॉर्म?

प्रेषक: संजय

वैशालीताई, पहिले तीन आकडे म्हणजे जिल्हा. आमचं परभणी ४३१४०१, नांदेड ४३१६०१, बीड शहर ४३११२२. म्हणजे मराठवाडा ४३१. तुमच्या पिनमध्येच चूक दिसते. बीडचा ४३११२२ टाका, तिथून पुढं ते पोचवतील.

प्रेषक: मधुकरकाका

वैशाली, तुझा पिन आष्टीचाच आहे, तो बदलू नकोस. संजयराव, मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, टपाल छाटण्यात नोकरी काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले तीन आकडे महसुली जिल्हा सांगत नाहीत. टपाल कुठं गोळा करून छाटायचं, ते सांगतात. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसऱ्या आकड्यानं त्यातला पट्टा कळतो, तिसऱ्यानं छाटणीचा जिल्हा. आष्टीचा राबता पूर्वीपासून नगरकडं, म्हणून तिचं टपाल ४१४मध्ये. शेजारचं पाटोदाही बीड जिल्ह्यातच आहे, तरी त्याचा पिन ४१४२०४. वैजापूर संभाजीनगर जिल्ह्यात, पण पिन ४२३७०१. लातूर आणि धाराशिव तर सोलापूरबरोबर ४१३मध्ये आहेत. पिन १९७२ साली आला. लातूर जिल्हा १९८२चा, हिंगोली १९९९चा. जिल्हे नंतर फुटले, म्हणून आकडे बदलत बसले नाहीत.

आता एकच आकडा चुकला तर काय होतं ते बघ. शेवटचा चुकून ४१४२०४ झाला, तर पार्सल पाटोद्याला उतरेल. शेजारचंच गाव, पत्ता वाचून ते परत फिरवतील. पण तिसरा चुकून ४१३२०३ झाला, तर तो पिन सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा. पिशवी वेगळ्याच वाटेला लागते. आकडा जितका डावीकडचा, तितकी चूक लांब नेते. दुसरी आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे, तिचा पिन ४४नं सुरू होतो. नुसतं ‘आष्टी, महाराष्ट्र’ लिहिलं असतं, तर कुठली आष्टी हे पिननंच ठरलं असतं.

बीडचा पिन टाकलास, तर पार्सल बीडच्या पोस्टमनकडं जाईल आणि त्याच्या बीटमध्ये मामीचं गाव नाही.

प्रेषक: प्रकाश

काका, माझ्या आईचा अनुभव उलटा आहे. आमचा तांडा किनवटकडं. कुरिअरवाले पिन टाकल्यावर ‘डिलिव्हरी उपलब्ध’ दाखवतात आणि मग फोन करून म्हणतात, तालुक्याला येऊन घेऊन जा. पिन बरोबर असूनही हे का?

प्रेषक: मधुकरकाका

प्रकाश, शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंतच नेतात, घरापर्यंत नाही. एका उपडाकघराखाली बरीच खेडी असतात. त्या खेड्यांतल्या शाखा डाकघरांना वेगळा पिन नसतो, वरच्या ऑफिसचाच चालतो. पोस्टाचा माणूस तांड्यावर जातो. कुरिअरवाला मात्र पिनमधल्या एका गावी पोचत असला, तरी सगळा पिन चालू दाखवू शकतो. तांड्याचं नाव सांगून विचारल्याशिवाय खरं कळत नाही.

वैशाली, आष्टी तालुका सगळा ४१४२०३ नाही. कड्याचा ४१४२०२ आहे. इंडिया पोस्टच्या पिन शोधात दोन्ही पिन घालून बघ. खाली ऑफिसांची यादी येते. मामीच्या गावाचं किंवा जवळच्या गावाचं नाव B.O, म्हणजे शाखा डाकघर, म्हणून कुठल्या यादीत आहे, ते पाहा. समोर ‘Non-Delivery’ असेल, तर वाटप दुसरं ऑफिस करतं. आणि गावात नुकतंच स्पीड पोस्ट आलं असेल, तर त्यावरचा वाटपाचा शिक्का बघायला सांग. यादी जुनी असू शकते, शिक्का ताजा असतो.

प्रेषक: वैशाली

काका, मामेभावाला विचारलं. गावात शाखा डाकघर नाही, टपाल शेजारच्या गावातून येतं आणि त्या गावाचं नाव ४१४२०२च्या यादीत आहे. मामीच्या आधारवर मात्र ४१४२०३. भाऊ सोमवारी शाखा डाकपालांना विचारून येतोय. चष्मा तोवर थांबवते. आणि पार्सलवर गावाचं नाव, ‘मु. पो.’, तालुका आष्टी, जिल्हा बीड असं सगळं हातानं लिहीन, फॉर्मवर नगर आलं तरी.

प्रेषक: संजय

काका, मग आधारवरचा पिन बदलून घ्यायचा का? बँकेची पत्रंही त्यावरच जात असतील.